एकशे बेचाळीस न्यूटन

आमच्या ताईबरोबर सिनेमा पाहायला जाऊ नये. नायक चौथ्या मजल्यावरून उडी मारतो, खाली उभ्या गाडीच्या टपावर पडतो, कपडे झटकतो आणि धावत सुटतो. सगळं थिएटर टाळ्या वाजवत असतं आणि ही माझ्या कानाशी लागते. "बारा मीटर. दोन गुणिले दहा गुणिले बारा, दोनशे चाळीस, मूळ साडेपंधरा. सेकंदाला साडेपंधरा मीटर म्हणजे ताशी पंचावन्न. पंचावन्नच्या वेगानं भिंतीवर आपटल्यासारखंच आहे रे. तो आता धावत नाही, त्याला उचलून न्यावं लागेल." मी म्हणतो, "ताई, गप बस." ती गप बसते, पण तोवर माझाही नायक स्ट्रेचरवर गेलेला असतो.

ताई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा मला खाऊपिऊ घालून, प्रसंगी कान पिळून तिनंच वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "एक पोर आधीच गळ्यात होतं." त्या पोराचं, म्हणजे माझं, लग्न झालं, मुलगी झाली, आणि ताई आमच्याच घरात मागच्या खोलीत राहिली. आम्ही दोघं एकाच वर्कशॉपमध्ये कामाला. ती तिथे सव्वीस वर्षं, मी तिच्या ओळखीनं लागलेला. वशिल्याचं तट्टू म्हणा हवं तर, मला आता राग येत नाही.

वर्कशॉपचं काम बॅलन्सिंगचं. कारखान्यांतले मोठमोठे पंखे असतात, बॉयलरला हवा देणारे, धूर ओढणारे. त्यांचं फिरणारं चाक म्हणजे रोटर. ते एका बाजूला थोडं जरी जड असलं तरी फिरताना बेअरिंगला धक्के देतं, आणि धक्के खाऊन खाऊन बेअरिंग फुटतं, कधी रोटरच सुटतो. म्हणून तो आमच्याकडे येतो. दोन लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, ठेवून पट्ट्यानं सावकाश फिरवायचा. कुठल्या बाजूला किती ग्रॅम जड आहे ते पडद्यावर दिसतं. मग समोरच्या बाजूला पत्र्याचा तुकडा वेल्ड करायचा, पुन्हा फिरवायचं, पुन्हा पाहायचं. शेवटी मशीन सर्टिफिकेट छापतं आणि त्यावर ताई सही करायची. त्या सहीवर गिऱ्हाईक रोटर बसवतो.

सही करण्याआधी ताई कागद उलटा करायची आणि मागे पेन्सिलीनं चार आकडे मांडायची. ढोबळच. नऊ पूर्णांक एक्क्याऐंशीचे दहा करायचे, पाईच्या वर्गाचेही दहा करायचे, उरलेलं तोंडी. त्यावरून वर्कशॉपमध्ये तिचं नाव पडलं होतं अंदाजबाई. पोरं मागून चिडवत, "अंदाजबाई, आज जेवणाच्या डब्यात किती ज्यूल?" ती वर न बघता आकडा सांगायची, आणि तो बरोबर असायचा.

घरीही तेच. माझी मुलगी चिमी एकदा गणित घेऊन बसली होती. तीस किलोची मुलगी तीन मीटर जिना चढते, तर तिनं किती ऊर्जा खर्च केली? चिमीचं उत्तर आलं नऊ लाख ज्यूल. मी म्हटलं, वा, छान. ताई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "चिमे, नऊ लाखात तू हजार मजले चढशील. तीस, दहा आणि तीन, नऊशे होतात. किलोचे ग्रॅम केलेस ना?" चिमीनं वही पाहिली. किलोचे ग्रॅमच केले होते. ताई म्हणाली, "उत्तर आलं की लगेच खाली रेघ मारू नये. आधी त्याच्याकडे जरा परक्यासारखं बघावं."

हे सगळं हसत सांगतो आहे, पण मला सांगायची आहे ती गोष्ट हसण्यासारखी नाही.

गेल्या वर्षी मालकांनी नवं मशीन आणलं. जुन्यात काटा होता, नव्यात पडदा. जुन्यावर ग्रॅम वाचून, बेअरिंगला किती धक्का चालेल ती मर्यादा आपण काढायची. नव्यात रोटरचं वजन आणि दोन वेग भरायचे, की मर्यादाही तेच काढतं आणि पास की नापास तेही तेच छापतं. हे दोन वेग नीट समजून घ्या, कारण माझी सगळी फजिती त्यांच्यात आहे. एक, आमच्या मशीनवर रोटर ज्या सावकाश वेगानं फिरतो तो, मिनिटाला तीनशे फेरे. दुसरा, कारखान्यात तो प्रत्यक्ष ज्या वेगानं फिरणार तो. ज्या रोटरची ही गोष्ट, त्याचा होता पंधराशे.

त्या शनिवारी मशीनवर मी होतो. आठशे किलोचा रोटर, जुन्या पात्यांवर नवे पत्रे वेल्ड करून आलेला. दाराशी लॉरी उभी, ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवतोय, मालक काचेआडून हातवारे करताहेत. मी दोन तुकडे लावले, फिरवलं, आकडे भरले. पहिल्या रकान्यात तीनशे. दुसऱ्या रकान्यातही तीनशे. बोटांनी भरलं, डोक्याला विचारलं नाही. मशीननं हिरवा दिवा दाखवला आणि कागद छापला. बेअरिंगवरचा धक्का एकशे बेचाळीस न्यूटन, मर्यादा एकशे अठ्ठावन्न, पास. ग्रॅम आणि भरलेले वेग कागदावर छापत नाहीत, फक्त पडद्यावर दिसतात, आणि पडदा मी पुसून मोकळा झालो होतो. ताईनं सही केली. लॉरी गेली. मी खूश, वेळेत काम झालं.

सोमवारी सकाळी ताई शनिवारच्या प्रती फायलीत लावत होती. मी समोर चहा पीत होतो. तिचा हात थांबला. तिनं कागद उलटा केला आणि पेन्सिल घेतली. मला वाटलं, जुनं काहीतरी असेल. तिनं तीनदा तेच मांडलं. मग म्हणाली, "इकडे ये."

"हे बघ. पंधराशे फेरे, म्हणजे सेकंदाला पंचवीस. फिरण्याचा कोनीय वेग, ओमेगा, त्याचा वर्ग अंदाजे पंचवीस हजार. पातं मध्यापासून साठ सेंटिमीटरवर. तिथे एक ग्रॅम जास्त असला तर किती धक्का?"

मी गुणलं. "पंधरा न्यूटन."

"म्हणजे दीड किलोचा. एका ग्रॅमला दीड किलो. आता इथे एकशे बेचाळीस छापलेत. म्हणजे रोटरवर कमीजास्त किती राहिलं?"

"नऊ... साडेनऊ ग्रॅम."

"दहा धर. आठशे किलोचा जुना रोटर, वरून वेल्डिंग झालेला, आणि दोन तुकड्यांत दहा ग्रॅमवर आला? दहा ग्रॅम म्हणजे वेल्डिंगचे चार थेंब. इतका चांगला रोटर मी सव्वीस वर्षांत पाहिला नाही."

चांगला आकडा पाहून घाबरणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होतो. मी म्हटलं, "मग बरंच आहे की."

"बरं नाही. कुठेतरी पाणी मुरतंय." तिनं पेन्सिल मर्यादेवर ठेवली. "या जातीच्या पंख्याला पंधराशेवर मर्यादा साधारण वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकी येते. आठशे किलो म्हणजे आठ हजार न्यूटन, दहावा हिस्सा आठशे. इथे एकशे अठ्ठावन्न आहे. बरोबर पाचवा भाग. मर्यादा वेगाच्या पटीत जाते. पाच पट चुकायला दुसरी जागाच नाही."

  पंधराशेचा पाचवा भाग तीनशे. माझ्या हातातला चहा गार झाला होता, तरी मी घोट घेतला.

"आणि धक्का वर्गाच्या पटीत जातो," ती म्हणाली, "पाच पट नाही, पंचवीस पट. एकशे बेचाळीस गुणिले पंचवीस, साडेतीन हजार. साडेतीनशे किलोचा घण, सेकंदाला पंचवीस वेळा. चालू कधी करणार आहेत?"

चलानावर लिहिलं होतं, सोमवार, दुपारी बारा.

ती मालकांकडे गेली, मी मागे. मालक वाईट माणूस नाहीत, पण नव्या मशीनवर त्यांचं पोटच्या पोरासारखं प्रेम. ते म्हणाले, "बाई, मशीननं पास केलंय. तुम्ही पेन्सिलीच्या अंदाजावर स्वतःचंच सर्टिफिकेट खोटं म्हणणार? गिऱ्हाईक काय म्हणेल? हात दाखवून अवलक्षण कशाला?"

ताई म्हणाली, "अंदाजानं बरोबर काय ते कळत नाही, मालक. पण चूक काय ते कळतं. मला नक्की आकडा माहीत नाही. पण हा नाही, एवढं माहीत आहे."

मालकांनी फोन लावला. तिकडे कोणी उचलेना. पुन्हा लावला. साडेअकरा वाजत आले होते. ताई मला म्हणाली, "स्कूटर काढ."

वाटेत ती मागे कागद धरून बसली होती. मला वाटत होतं, तिनं काहीतरी बोलावं, शिव्या घालाव्यात, निदान विचारावं. रस्त्यावर एका ठिकाणी खोदलं होतं, मी गाडी जोरात आदळली, तेव्हा तिनं फक्त माझा खांदा धरला. मी मनात वाक्य जुळवत होतो. तिथे पोचल्यावर म्हणायचं, साहेब, आकडा मी भरला, चूक माझी. वाक्य चांगलं जमलं होतं.

पंखा कारखान्याच्या मागच्या बाजूला, लोखंडी चौथऱ्यावर होता. झाकण लावून झालं होतं. तिथला मिस्त्री बेअरिंगला अगदी खेटून बसलेला, हातात थरथर मोजायचं यंत्र, त्याचं टोक बेअरिंगच्या डबीला टेकवलेलं. पंखा सुरू होताना तो तिथेच बसतो, ते त्याचं कामच. वयानं ताईएवढा असेल. आम्हाला पाहून त्यानं ओळखीचं हसून मान हलवली. मला त्याच्याकडे बघवेना.

इंजिनियर साहेब तरुण होते, घाईत होते. ताईनं सांगितल्यावर त्यांनी आमचंच सर्टिफिकेट काढून तिच्यासमोर धरलं. "मॅडम, ही सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग आता काय अंदाजावर प्लँट थांबवू? बॉयलर तापत ठेवलाय."

"साहेब, माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुम्हीच मांडा. ग्रॅमभर जास्त असेल तर पंधराशेवर किती धक्का बसेल?"

त्यांनी कपाळाला आठ्या घालून मोबाइलवर आकडे टाकले. एकदा टाकले, मग पुसून पुन्हा. त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसत होती, चौदा पूर्णांक आठ. मग त्यांनी एकशे बेचाळीसला त्यानं भागलं आणि पंख्याकडे पाहिलं. बाजूची तपासणीची खिडकी उघडायला सांगितली. बॅटरी मारली. पात्यावर वेल्डिंगची जाड, ओबडधोबड शिवण दिसत होती, वीतभर लांब. एवढीशी शिवणसुद्धा दहा ग्रॅमच्या कितीतरी वर जाते, हे कुठल्याही लोखंडातल्या माणसाला नजरेनं कळतं.

"दहा ग्रॅम शक्यच नाही," ते हळूच म्हणाले. मग मोठ्यानं, "मिस्त्री, उठा तिथून. मेन स्विच काढा."

मिस्त्री गुडघ्यावर हात टेकून उठला. त्याला काही कळलं नव्हतं. "काय झालं मॅडम?" त्यानं विचारलं.

"कागद चुकला," ताई म्हणाली.

साहेबांचा चेहरा आता लाल झाला होता. घाबरलेला माणूस आधी चिडतो. "म्हणजे हे असं सर्टिफिकेट तुम्ही पाठवलंत? चुकलं काय नेमकं?"

"वेग भरताना चुकला. पंधराशेऐवजी तीनशे."

"कोणी भरला?"

हीच ती जागा. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मिस्त्री माझ्याकडे बघत होता, साहेब ताईकडे. मी म्हणू शकलो असतो. घसा कोरडा पडला होता, असं सांगेन तर खोटं होईल, घशाला काही झालं नव्हतं. नोकरी, घर, चिमीची शाळा, असलं काहीबाही डोक्यात येऊन गेलं, आणि मी बेअरिंगच्या डबीवरचा नंबर वाचत बसलो. मूग गिळून बसणं म्हणतात ते हेच, आणि ते मूग अजून पचलेले नाहीत.

ताईनं दोन श्वासांइतकी वाट पाहिली. माझ्याकडे वळून पाहिलं नाही. मग म्हणाली, "सही माझी आहे, साहेब."

रोटर परत आला. मशीनवर चढवला, पडद्यावर आकडा आला, दोन्ही बाजू मिळून दोनशे चाळीस ग्रॅम. पंधराशेला चालण्यासारखे होते त्रेपन्न. ताईनं दोन दिवस बसून तो स्वतः सारखा केला, आणि या वेळी दुसऱ्या रकान्यात पंधराशे भरले. पंखा पुढच्या आठवड्यात सुरू झाला. मिस्त्री बेअरिंगपाशी बसला, थरथर मोजली, उठून जेवायला गेला. एवढंच.

आणि मग कारखान्याचं पत्र आलं. भाषा सभ्य होती. यापुढे सदर व्यक्तीच्या सहीची सर्टिफिकेटं ग्राह्य धरली जाणार नाहीत. मालकांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, बराच वेळ पुसला. ज्या बाईनं त्यांची अब्रू आणि एका माणसाचा जीव वाचवला, तिचीच सही गेली. त्यांना ते कळत होतं. पण ते मोठं गिऱ्हाईक होतं. ते म्हणाले, "बाई, तुमच्या भावाला शिकवलंय तुम्ही. सही तो करेल."

त्याही वेळी मी खोलीत होतो.

त्या संध्याकाळी मी मागच्या खोलीत गेलो. ताई खाटेवर बसून चिमीच्या फ्रॉकची शिलाई उसवत होती. मी दारातच म्हणालो, "ताई, तीनशे मी भरले होते."

"माहीत आहे. शनिवारी मशीनवर दुसरं कोण होतं?"

"मग तिथे सांगितलं का नाहीस?"

"तुझं वाक्य मी कशाला बोलू?" तिनं दोरा दातानं तोडला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "आणि मी खोटं बोलले नाही. सही माझी होती. आकडा चुकतो, माणूस आहे. चुकलेला आकडा दाराबाहेर जाऊ नये म्हणून तर सही असते."

"पण तू सगळ्यांचे कागद उलटे करून मांडतेस. शनिवारीच का नाही मांडलं?"

तिनं फ्रॉक घडी करून बाजूला ठेवला, पुन्हा उचलला.

"तुझा कागद होता," ती म्हणाली. "तुझे कागद मी कधीच मांडले नाहीत. इतक्या वर्षांत एकदाही नाही. नुसती सही करायचे."

मला हे ठाऊक नव्हतं. बाकीच्यांचे ती मांडते आणि माझे मांडत नाही, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मी तिथे उभा राहून रडलो, या वयात, दाराच्या चौकटीला धरून. तिनं मला जवळ बोलावलं नाही. लहानपणी बोलावलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना खरं सांगितलं. इतक्या उशिरा सांगितलेलं खरं काय कामाचं? ते म्हणाले, "आता पत्र बदलतंय का कोणी? तुझं नाव कळवून झालं. कामाला लाग आणि डोळे उघडे ठेव." खरं कळवायचं का ते बाईंनाच विचार, असंही म्हणाले. विचारलं. ताई म्हणाली, गिऱ्हाईक बरोबर आहे, मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं.

आता सही मी करतो. ताई बाजूच्या टेबलावर पत्र्याचे तुकडे कापून तोलते, ग्रॅमाग्रॅमाचे. मशीननं कागद छापला की मी तो घेऊन आधी तिच्यापाशी जातो. मला कोणी सांगितलेलं नाही, मीच जातो. ती हात पुसते, कागद उलटा करते, पेन्सिल घेते. इतरांनी मशीन चालवलं असेल तर एकदा मांडते. मी चालवलं असेल तर दोनदा.